थेंबात लस की नुसतेच थेंब?

सहा-सात आठवड्यांचे बाळ आईच्या मांडीवर आडवे. नर्स त्याचे गाल हलकेच दाबते आणि अर्धा मिलिलिटर द्राव तोंडात सोडते. बघणाऱ्याला हे पोलिओचे थेंबच वाटावेत. फरक एवढाच, की या कुपीवर औषधाच्या नावाऐवजी एक कोड नंबर आहे. आत रोटाव्हायरसची लस आहे, की विषाणू वगळून उरलेला नुसता द्राव आहे, हे आईला माहीत नाही, नर्सला माहीत नाही आणि टेबलापलीकडे बसलेल्या डॉक्टरलाही माहीत नाही.

२०११ च्या मार्चमध्ये दिल्ली, पुणे आणि वेल्लोर अशा तीन ठिकाणी ही चाचणी सुरू झाली. पुण्याची बाजू केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरने ग्रामीण भागात सांभाळली. एकूण ६,७९९ बाळे तिच्यात आली. दर तिघांमागे दोघांना लस आणि एकाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखा दिसणारा पण औषध नसलेला डोस, असे वाटप होते. प्लासिबोच्या वाट्याला २,२६७ बाळे आली. ज्या विषाणूपासून ही लस बनली, तो ११६ई नावाचा प्रकार दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. एम. के. भान यांच्या गटाला नवजात बाळांत सापडला होता. गंमत म्हणजे त्या बाळांना संसर्ग झाला होता, पण जुलाब झाले नव्हते. हाच विषाणू पुढे ‘रोटाव्हॅक’ लस झाला.

अडचण अशी, की २०११ साली रोटाव्हायरसवर लस नव्हती असे नाही. जगात दोन कंपन्यांच्या लसी वापरात होत्या. २००९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक देशाच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस असावी अशी शिफारस केली होती. पुणे शहरातल्या खासगी बालरोगतज्ज्ञाकडे डोसामागे हजाराच्या आसपास रुपये मोजले, तर लस मिळत होती. तेव्हाच्या वेगवेगळ्या अंदाजांनुसार रोटाव्हायरसच्या जुलाबांनी भारतात वर्षाला ७८ हजार ते लाखावर मुले दगावत. मग या तीन ठिकाणच्या मिळून २,२६७ बाळांना लसीविना थेंब देण्याची परवानगी कुणी आणि कशाच्या जोरावर दिली?

प्रत्येक चाचणीच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आधी लिहून मंजूर करून घ्यायच्या आराखड्यात, या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. तुलनेच्या गटाला काय देणार आणि तेच का, हे संशोधकाने एथिक्स कमिटीला पटवायचे असते. कमिटीत डॉक्टरांच्या जोडीला कायदा जाणणारी व्यक्ती असते आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य नागरिकही असतो. बऱ्याचदा हा नागरिकच सर्वांत अवघड प्रश्न विचारतो, कारण त्याला तज्ज्ञांचे आडपडदे ठाऊक नसतात.

अशा वेळी सर्वांत सोपे उत्तर असते: या मुलांना एरवी तरी कुठे लस मिळत होती? सरकारी कार्यक्रमात ती नव्हती, पालकांना परवडत नव्हती. चाचणी झाली नसती तरी त्यांना काहीच मिळाले नसते, म्हणजे त्यांचे नुकसान काहीच झाले नाही.

हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटते, आणि तिथेच ते फसवते. त्याचा पूर्वइतिहास एचआयव्हीच्या चाचण्यांत आहे. १९९४ मध्ये अमेरिका-फ्रान्समधल्या एका चाचणीत दिसले, की गरोदर बाईला आणि नंतर बाळाला एझेडटी हे औषध दिले, तर बाळाला लागण होण्याचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते. ही उपचारपद्धत लांबलचक आणि महाग होती, म्हणून गरीब देशांसाठी थोड्या दिवसांची, स्वस्त पद्धत शोधायचे ठरले. त्यासाठीच्या बहुतेक चाचण्यांत एका गटाला प्लासिबो ठेवला गेला. १९९७ मध्ये पीटर ल्युरी आणि सिडनी वुल्फ या दोन अमेरिकी डॉक्टरांनी हे चव्हाट्यावर आणले: विकसनशील देशांतल्या सोळापैकी पंधरा चाचण्यांत काही किंवा सगळ्या बायकांना विषाणूविरोधी औषध दिलेच जात नव्हते. बचाव तोच होता, की तिथे त्यांना एरवीही औषध मिळत नाही. पण गरिबीचे माप हेच उपचाराचे माप धरले, तर जो देश जितका गरीब, तितका प्रयोगाला सोयीचा ठरतो. सोळावी चाचणी थायलंडमधलीच होती. तिथे प्लासिबो न ठेवता एझेडटीच्या लांब आणि आखूड पद्धतींची एकमेकींशी तुलना झाली. म्हणजे दुसरी वाट होती.

रोटाव्हॅकच्या चाचणीला हाच आक्षेप लावून पाहता येतो. हिशेब फार मोठा नाही. बाजारातल्या लसीचे दोन डोस, डोसाला हजार रुपये आणि २,२६७ मुले. पंचेचाळीस लाख रुपये. चाचणीमागे केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग होता, गेट्स फाउंडेशन होते. त्यांच्यासाठी ही रक्कम काही आवाक्याबाहेरची नव्हती. तेव्हा ‘परवडत नव्हते’ हे कारण गावाला लागू पडेल, चाचणीला नाही. प्लासिबोचे समर्थन उभे राहायचे असेल, तर त्याला दुसरा पाया हवा.

तो पाया ‘इक्विपॉइज’ या शब्दात शोधला जातो. साधे मराठी रूप द्यायचे तर तराजूचा काटा मध्यावर असणे. दोन उपचारांपैकी कुठला बरा हे खरोखरच ठाऊक नसेल, तरच रुग्णांना चिठ्ठ्या टाकून वाटून देणे योग्य, अशी ही कल्पना. पण डॉक्टरच्या मनातला काटा क्वचितच नेमका मध्यावर असतो. कुणाचा कुठल्या तरी औषधावर जीव असतोच. १९८७ मध्ये कॅनडातल्या बेंजामिन फ्रीडमन यांनी यातून मार्ग काढला. एकेकट्या डॉक्टरला काय वाटते ते सोडा, म्हणाले, जाणकार मंडळींत प्रामाणिक मतभेद आहे का ते पाहा. तो असेल, तर एखाद्या डॉक्टरचा कल एका बाजूला असूनही तो चाचणीत भाग घेऊ शकतो. यालाच ‘क्लिनिकल इक्विपॉइज’ म्हणतात.

फ्रीडमन यांचा काटा पुणे जिल्ह्यातल्या त्या बाळापाशी आणला, की आधी विचारावे लागते, पारड्यांत नेमके ठेवले काय आहे? एका पारड्यात ‘रोटाव्हायरसची कुठलीही लस’ आणि दुसऱ्यात ‘काहीच नाही’ ठेवले, तर २०११ मध्ये काटा मध्यावर नव्हता. जाणकारांचे एकमत लसीच्या बाजूने होते. ‘नवी भारतीय लस’ आणि ‘जुनी परदेशी लस’ ठेवली, तर मात्र कुणालाच काही सांगता येत नव्हते. मग चाचणी या दोघींचीच का नको? कमिटीतला तो सामान्य नागरिक इथे नक्की बोट ठेवेल.

उत्तर लसीच्या एका विचित्र वागण्यात आहे. तोंडावाटे द्यायच्या लसी गरीब वस्त्यांत कमी लागू पडतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे, आतड्यातले इतर जंतू, सोबत दिलेले पोलिओचे थेंब, कुपोषण अशी अनेक कारणे सांगितली जातात. यातले कोणते किती खरे, यावर अजून वाद आहे. परिणाम मात्र स्पष्ट होता. लॅटिन अमेरिका आणि फिनलंडमध्ये एका लसीने गंभीर जुलाब ८५ टक्क्यांनी कमी केले होते. २०१० मध्ये दुसऱ्या लसीचे बांगलादेश आणि व्हिएतनाममधले निष्कर्ष आले, तेव्हा आकडा होता ४८.३ टक्के. आणि तोही ठाम नव्हता. चाचणीतल्या मुलांची संख्या पाहता खरा आकडा २२ ते ६६ यांच्यामध्ये कुठेही असू शकत होता.

या २२ ते ६६ मध्येच सगळी मेख आहे. समजा, लस नसताना एखाद्या भागात शंभर मुलांना रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब होतात. जुनी लस खरोखर ६६ टक्के लागू पडत असेल, तर चौतीस उरतील. ती २२ टक्केच लागू पडत असेल, तर अठ्ठ्याहत्तर उरतील. आता नवी आणि जुनी अशी थेट तुलना करायची. नवी लस जुनीच्या अगदी बरोबरीची आहे हे कुठलीही चाचणी सिद्ध करू शकत नाही. ‘फार मागे नाही’ एवढेच ती दाखवते, आणि ‘फार’ म्हणजे किती, ते आधी ठरवावे लागते. नव्या लसीला दीडपटीची सूट दिली, म्हणजे जुनीच्या तुलनेत दीडपट आजार झाले तरी चालतील असे म्हटले, तर वाईटात वाईट अवस्थेत अठ्ठ्याहत्तरचे एकशे सतरा होतात. लसच नसताना शंभर होते! म्हणजे नुसत्या पाण्याहून वाईट असलेली लसही ‘जुनीपेक्षा फार मागे नाही’ असे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

सूट कमी करून सव्वापट ठेवली तर? अठ्ठ्याहत्तरचे साडेसत्त्याण्णव होतात. पाण्यापेक्षा जेमतेम सरस. शिवाय सूट जितकी कमी, तितकी चाचणी मोठी लागते. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्राने ढोबळ हिशेब मांडला, तर सव्वापटीच्या सुटीसाठी आठशेहून जास्त गंभीर आजारांची नोंद व्हावी लागते. त्यासाठी पंचवीस हजारांच्या आसपास बाळांवर दोन वर्षे लक्ष ठेवावे लागेल. एवढा खटाटोप करूनही लसीकरण कार्यक्रम चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती येणार काय, तर ‘निदान अडीच टक्के तरी लागू पडते’ एवढी हमी. त्यावर कुठले सरकार लस विकत घेईल?

प्लासिबोचे समर्थन उभे राहते ते इथे. जुनी लस महाग आहे म्हणून नाही, तर जुनी लस या मातीत किती चालते हेच माहीत नाही म्हणून. मोजपट्टीच्या खुणा पुसट असतील, तर तिच्याशी ताडून दुसरी काठी मोजता येत नाही. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बोलावलेल्या तज्ज्ञ गटाने असेच सांगितले, की परिणामकारक लस अस्तित्वात असतानाही, त्या भागासाठी परवडणारी नवी लस तयार करण्यासारख्या काही ठरावीक कारणांसाठी प्लासिबो मान्य होऊ शकतो. मात्र प्रश्न प्लासिबोशिवाय सुटत नसला पाहिजे आणि मुलांना होणारा धोका आटोक्यात असला पाहिजे. हे मार्गदर्शन आले तेव्हा पुण्यातली बाळे चाचणीत केव्हाच दाखल झालेली होती, ही गोष्ट वेगळी.

धोका आटोक्यात असणे म्हणजे काय, हे कागदावरून कळत नाही. ते कळण्यासाठी ‘गंभीर’ हा शब्द कसा मोजला गेला ते पाहावे लागते. त्यासाठी वेसिकारी नावाची वीस गुणांची पट्टी आहे. अकरा किंवा जास्त गुण झाले, की आजार गंभीर. समजा, एका बाळाला पाच दिवस जुलाब होत आहेत, त्याचे दोन गुण. दिवसाला सात वेळा, त्याचे तीन. दोन दिवस उलट्या, दोन. दिवसातून तीन उलट्या, दोन. ताप ३८.६ अंश, दोन. अंगातले पाणी थोडे कमी झालेले, दोन. ओआरएस पाजावे लागले, एक. बेरीज चौदा. हे बाळ आईचा जीव टांगणीला लावेल, पण वेळेवर पाणी पोटात गेले तर ते बरे होते. रोटाव्हायरसवर औषध नाही. मूल दगावते ते अंग कोरडे पडून, आणि त्यावरचा उपाय ओआरएस आणि सलाइन हाच आहे. म्हणूनच या आजाराच्या चाचणीत प्लासिबोचा विचार तरी करता येतो. मेंदूज्वरासारख्या, काही तासांत होत्याचे नव्हते करणाऱ्या आजारात हे गणित लागू पडत नाही.

कार्यकर्ते आठवड्याला घरी येऊन चौकशी करत, आजारी मुलाला दवाखान्यात पोचवण्याची सोय होती, ओआरएस आणि झिंक मिळत होते. त्यातून एक पेच निर्माण होतो आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. काळजी जितकी चांगली, तितके आजार कमी गुणांवर थांबतात. पाचऐवजी तीन दिवसांत जुलाब आटोक्यात आले आणि पाणी कमीच पडले नाही, तर चौदाचे अकरा होतात, आणि आणखी एक गुण जरी कमी झाला, तरी ते बाळ ‘गंभीर’ मोजलेच जात नाही. संशोधकाला तर गंभीर आजारच मोजायचे असतात. काळजी ढिली ठेवली, तर चाचणी लहान आकारात लवकर आटोपते. कमिटीने प्रोटोकॉलमधले उपचारांचे पान डोळ्यांत तेल घालून वाचावे ते याचसाठी. तिथे ‘नेहमीचे उपचार दिले जातील’ एवढेच लिहिले असेल, तर नेहमीचे म्हणजे कुणाचे, हे विचारायलाच हवे.

निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. लस मिळालेल्या गटात रोटाव्हायरसचे गंभीर आजार ७१ वेळा झाले आणि प्लासिबोच्या गटात ७६ वेळा. आकडे सारखेच वाटतात, पण लसीच्या गटात मुले दुप्पट होती. परिणामकारकता ५३.६ टक्के निघाली आणि खरा आकडा ३५ ते ६७ यांच्या दरम्यान असल्याचे कळले. खालची बाजू २२ ऐवजी ३५ झाली, हे प्लासिबोच्या गटाने दिलेले उत्तर. लसीच्या गटातली २५ आणि प्लासिबोच्या गटातली १७ मुले त्या काळात निरनिराळ्या कारणांनी दगावली. त्यातला एकही मृत्यू दिलेल्या डोसामुळे झाला असे तपासणाऱ्यांना आढळले नाही.

याची किंमतही काढता येते. प्लासिबोच्या गटालाही हीच लस मिळाली असती, तर ७६ ऐवजी साधारण ३५ गंभीर आजार झाले असते. म्हणजे चाळीसेक बाळांचे आजारपण हे त्या उत्तराचे मोल. ते आधी माहीत नव्हते, हे खरे. पण काहीशी अशीच संख्या निघणार, हे चाचणी आखणाऱ्यांना ठाऊक असणारच, नाहीतर किती मुले घ्यायची हे ठरलेच नसते. दोनास एक असे वाटप ठेवण्याने प्लासिबोच्या वाट्याला येणारी मुले कमी झाली, इतकाच दिलासा.

प्लासिबो मिळालेल्यांना चाचणीनंतर लस देऊ, असे आश्वासन अनेक चाचण्यांत असते. रोटाव्हायरसच्या बाबतीत ते पोकळ ठरते. ही लस आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच द्यायची असते. दोन वर्षांनी निकाल लागेपर्यंत मूल पळायला लागलेले असते आणि लसीचे वय कधीच उलटलेले असते. या मुलांना जे मिळायचे ते चाचणी चालू असतानाच, आठवड्याच्या भेटीत आणि दवाखान्याच्या सोयीत मिळायला हवे होते. आणि संमती घेताना पालकांना ‘बाजारात लस आहे, तुम्ही ती विकतही घेऊ शकता’ हे वाक्य साध्या मराठीत सांगायला हवे. असे सांगितले तर काही जण चाचणीतून बाहेर पडतील, अशी भीती वाटत असेल, तर ती भीतीच सांगते, की संमती कशावर उभी होती.

कायदाही याच काळात हलला. जानेवारी २०१३ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि प्लासिबोमुळे चाचणीतल्या व्यक्तीला इजा झाली तर नुकसानभरपाई द्यावी लागेल असे ठरले. २०१४ मध्ये त्याला मर्यादा आली: प्रस्थापित उपचार उपलब्ध असूनही दिले गेले नाहीत, तरच भरपाई. ही तरतूद २०१९ च्या नव्या नियमांतही आहे. ‘उपलब्ध’ म्हणजे शहरातल्या खासगी दवाखान्यात, की गावच्या उपकेंद्रात, हा जुनाच प्रश्न त्या शब्दात दबा धरून बसला आहे.

रोटाव्हॅकला २०१४ मध्ये परवाना मिळाला, आणि मार्च २०१६ पासून आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशात ती सरकारी कार्यक्रमात आली. याच दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘रोटासिल’ची चाचणी साडेसात हजार बाळांत झाली, तीही प्लासिबोशी तुलना करून. ती सुरू झाली तेव्हा रोटाव्हॅक अजून सरकारी केंद्रांत पोचली नव्हती, पण तिचा निष्कर्ष छापून आलेला होता. २०११ चे समर्थन जसेच्या तसे उचलून २०१४ च्या प्रोटोकॉलमध्ये चिकटवता येण्यासारखे नव्हते, कारण पुसट मोजपट्टीवर आता खुणा उमटल्या होत्या. पुढे रोटासिलचा द्रवरूप प्रकार तपासायची वेळ आली, तेव्हा तुलना झाली ती आधीच्याच, भुकटीच्या रूपातल्या रोटासिलशी. सगळ्या बाळांना लस मिळाली. जुलाब मोजण्याऐवजी रक्तातली आयजीए प्रतिपिंडे मोजली गेली. ही प्रतिपिंडे संरक्षणाचा अचूक अंदाज देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आता एवढ्या अंदाजावर भागवायचे, की पुन्हा कुणाच्या बाळाला नुसते थेंब पाजायचे, हे कमिटीला ठरवायचे असते.